‘अहो आई’ला ‘आपण’ नको

*माझं माहेर इंदूरचं. घरी मराठी, बाहेर सगळं हिंदी. लग्न होऊन पुण्यात आले त्याला चार महिने झाले. सासूबाईंशी मी अगदी आदराने बोलते, ‘आपण कशा आहात’, ‘आपण जेवलात का’ असंच. तरी परवा त्या नणंदेला म्हणाल्या, ‘ही माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलते.’ त्याआधी एकदा ऑफिसला निघताना मी विचारलं, ‘आपण मंडईत जाणार का?’ तर त्या साडी बदलून, पिशवी घेऊन दारात उभ्या! सोसायटीच्या वॉचमनला ‘गेट उघडतोस का’ म्हटलं तर नवऱ्याने मला तिथेच थांबवलं. आणि ऑफिसात माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाई ‘मला तू म्हण’ म्हणून मागे लागल्यात, ते माझ्या तोंडातून निघत नाही. कुणाला काय म्हणायचं, हे ठरवायचं तरी कसं?*
*– एक नवी सून, पुणे*

तुम्ही लोकांशी बोललेली जी वाक्यं पत्रात लिहिलीत, ती मी दोनदा वाचली. त्यांत ‘आपण’ आहे, ‘तू’ची क्रियापदं आहेत, पण ‘तुम्ही’ एकदाही नाही. अडचण तिथे आहे. घरातल्या मोठ्यांशी आणि घराबाहेर कुणाशीही मराठीत जे बोलणं होतं, त्यातलं बहुतेक ‘तुम्ही’वर चालतं, आणि तुमच्या बोलण्यात नेमकी तीच जागा रिकामी पडली आहे.

ती का पडली, तेही कळण्यासारखं आहे. हिंदीत तू, तुम, आप असे तीन शब्द आणि मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन. दोन्हीकडे तीन पायऱ्या म्हटल्यावर त्या एकमेकींना जोडल्या जाणारच. पण त्या समोरासमोर येत नाहीत. हिंदीत रोजचा आदर ‘आप’मध्ये असतो. शिक्षक, शेजारी, दुकानदार, अनोळखी माणूस, सगळ्यांना ‘आप’. मराठीत हे सगळं काम ‘तुम्ही’ करतं. मराठीतलं ‘आपण’ त्याच्याही वर बसलेलं आहे, आणि तिथे रोज कुणी जात नाही. मधलं ‘तुम’ मात्र मराठीत येताना फुटतं. मैत्रिणीला म्हटलेलं ‘तुम’ मराठीत ‘तू’ होतं, रिक्षावाल्याला म्हटलेलं ‘तुम’ मराठीत ‘तुम्ही’ होतं. तुम्ही सगळंच ‘तुम’ ‘तू’मध्ये घातलंत आणि सगळं ‘आप’ ‘आपण’मध्ये. म्हणून वॉचमनकाका एकदम खाली गेले आणि सासूबाई एकदम वर.

‘आप’ आणि ‘आपण’ कानाला सख्खे वाटतात आणि ते आहेतही. दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘आत्मन्’पासून प्राकृतातून आले, मूळ अर्थ ‘स्वतः’. ‘तो आपण होऊन आला’ असं आपण म्हणतो त्यात तो जुना अर्थ अजून आहे. पण भाऊ सख्खे असले तरी त्यांचे संसार वेगळे झाले. हिंदीतला भाऊ रोजच्या आदराच्या कामाला लागला. मराठीतल्या भावाने दोन कामं घेतली, आणि ती दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तुमची मंडईची गोष्ट त्यातूनच घडली.

पहिलं काम समोरच्याला मोठ्या मानाने संबोधायचं. लग्नपत्रिकेत ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहून’ असतं, सभेत वक्ता श्रोत्यांना ‘आपण’ म्हणतो, अर्जाच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ येतं, मुलाखत घेणारा पाहुण्याला ‘आपण या क्षेत्रात कसे आलात’ विचारतो. या सगळ्या जागा बघा. माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, किंवा ओळखत असली तरी त्या वेळी चारचौघांत, औपचारिक जागी उभी आहेत. मानाबरोबर अंतरही तितकंच मोठं. दोन घरचे व्याही पहिल्या बैठकीत ‘आपण’ म्हणतात, पण तेही साखरपुडा होईपर्यंत ‘तुम्ही’वर येतात. स्वयंपाकघरात ओट्यापाशी शेजारी उभं राहून कुणी कुणाला हे म्हणत नाही. तुमच्या सासूबाईंना आदर पोचला नाही असं नाही. आदर पोचला, पण त्याबरोबर ‘मी इथली नाही’ हेही पोचलं.

दुसरं काम ‘मी आणि तू मिळून’ हे सांगायचं. ‘चल, आपण चहा घेऊ.’ हे तुम्हाला नवं नाही. इंदूर-भोपाळकडच्या हिंदीत ‘अपन चलते हैं’ म्हणतात, ते ‘अपन’ हेच. मराठीत दोन्ही कामांना शब्द एकच असल्यामुळे कुठला अर्थ घ्यायचा ते क्रियापद सांगतं. ‘आपण मंडईत जाल का?’ म्हटलं तर ते समोरच्याला उद्देशून आहे. ‘आपण मंडईत जाऊ या का?’ म्हटलं तर दोघींनी मिळून जायचं. पण तुम्ही वापरलंत ‘जाणार’, आणि ‘-णार’ लावलेलं क्रियापद कुणाच्याही बाजूला झुकत नाही. मी जाणार, तू जाणार, ते जाणार, आपण जाणार, सगळीकडे तेच. अशा वेळी मराठी कान जवळचा अर्थ धरतो. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला ‘आपण जाणार का’ विचारलं की ते ‘आपण दोघी’ असंच ऐकू येतं. सासूबाईंनी तुमचं बोलणं अगदी बरोबर ऐकलं. आणि त्या लगेच साडी बदलून आल्या, हे जरा मनात ठेवा. सून आपल्याला बरोबर चल म्हणते आहे असं वाटून त्यांनी वेळ लावला नाही.

आता ‘अहो आई’कडे येऊ. मराठीत सर्वनामाच्याही आधी हाक येते, आणि खरं तर सगळं तिथेच ठरतं. ‘अगं’ आणि ‘अरे’ म्हटलं की मागून ‘तू’ येतो, ‘अहो’ म्हटलं की मागून ‘तुम्ही’ येतं. ‘आपण’ला स्वतःची अशी हाकच नाही, यावरूनही तो शब्द घरातला नाही हे कळावं. माहेरची ती ‘अगं आई’ आणि सासरच्या त्या ‘अहो आई’ ही जोडी महाराष्ट्रातल्या घराघरात आहे. हाक ‘आई’चीच मारायची, पण ‘अहो’ लावून. ‘अहो’मध्ये मान आला, ‘आई’मध्ये माया आली, आणखी वर काही चढवायची गरज उरली नाही. ‘अहो आई, चहा टाकू का?’ एवढं वाक्य पुरतं. त्यात सर्वनाम नाहीच, तरी त्या घरच्या झाल्या आणि तुम्हीही.

‘तुम्ही’ची क्रियापदं एकदा जिभेवर बसवून घ्या, कारण हिंदीची सवय तिथेही आडवी येते. एकीला मान देतानाही मराठीत अनेकवचन पूर्ण करतात, म्हणून बाईला ‘कशा आहात’, पुरुषाला ‘कसे आहात’. तुम्ही ते बरोबर लिहिलंत. माझ्या इंदूरच्या आणि ग्वाल्हेरच्या ओळखीतल्या मुली पुष्कळदा ‘तुम्ही कशी आहात’ म्हणतात, कारण हिंदीत ‘आप कैसी हैं’ असतं. भूतकाळात शेवटी ‘त’ येतो. आलात, बसलात, जेवलात, औषध घेतलंत. विदर्भात ‘तुम्ही कधी आले’ असंच बोलतात आणि तिथे त्यात काही उणं नाही, पण पुण्याच्या कानाला त्या ‘त’ची सवय आहे.

सासूबाईंच्या मागे तुम्ही त्यांच्याबद्दल काय बोलता, तेही यातच आलं. नणंद विचारणार, ‘आई आली का?’ आणि तुम्ही विचारायचं, ‘आई आल्या का?’ एकाच बाईबद्दल, एकाच खोलीत. ऐकणाऱ्याला क्रियापदावरून कळतं कोण लेक आणि कोण सून. हा फरक नणंदेला कमीपणा देत नाही आणि तुम्हाला परकंही करत नाही. आईला ‘तू’ म्हणण्यात अनादर असतो असं मराठीत कधीच नव्हतं. पूर्वी पत्र लिहायचे तेव्हा वर मायना ‘तीर्थरूप आईस’ असा, त्याखाली ‘शिरसाष्टांग नमस्कार’, आणि पुढच्या ओळीत ‘तुझं पत्र मिळालं’. देवालाही आपण ‘तू’च म्हणतो. मान आणि जवळीक ही मराठीत दोन वेगळी मापं आहेत. ‘तू’ने जवळीक मोजली जाते, मान दुसरीकडून येतो, हाकेतून, स्वरातून, कुणाला आधी पाट मांडला त्यातून.

म्हणूनच घरात कुणाला ‘तू’ आणि कुणाला ‘तुम्ही’ याचा नकाशा वयावरून निघत नाही. पुष्कळ घरांत आई ‘तू’ आणि बाबा ‘तुम्ही’, आजी ‘तू’ आणि आजोबा ‘तुम्ही’. मामा-मावशी बहुधा ‘तू’मध्ये, काका-काकू बहुधा ‘तुम्ही’मध्ये. आजोळी मूल सुट्टीला जातं, लाड होतात, तिथे ‘तू’ रुजतो. आता तिशीतल्या पुष्कळ बाबांना मुलं ‘अरे बाबा’ म्हणतात, आणि माझ्या पिढीच्या कानाला आधी खटकलेलं ते आता मला फार गोड वाटतं. तुमच्या सासरच्या नकाशाला नियम लावू नका. आठवडाभर कान देऊन ऐका, तुमचा नवरा कुणाला काय म्हणतो. मात्र त्याची नक्कल करू नका. तो त्याच्या मावशीला ‘तू’ म्हणेल, पण तुम्ही त्या मावशींना ‘तुम्ही’ने सुरुवात करायची. त्या स्वतः ‘अगं, मला काय अहो-जाहो करतेस’ म्हणेपर्यंत थांबायचं. मोठी माणसं तुम्हाला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणतील आणि तुम्ही त्यांना ‘तुम्ही’. हा एकतर्फी ‘तू’ वयाचा असतो, त्यात कमीपणा धरू नका. (जावयाला मात्र पुष्कळ घरांत सासू-सासरेही ‘तुम्ही’ म्हणतात आणि सुनेला ‘तू’. हा भेद वयाचा नाही, आणि मला तो कधी पटलेला नाही. तुमच्या माहेरी होत असेल तर तुमच्या नवऱ्याने स्वतः सांगावं, मला तू म्हणा.)

इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सर्वनामाच्याही पलीकडची वाटली. ‘कशा आहात’ हा प्रश्न मराठीत एका घरात राहणाऱ्या माणसाला विचारत नाहीत. तो भेट झाली की विचारायचा असतो. रोज सकाळी ज्या माणसाच्या हातचा चहा आपण पितो, त्याला ‘कशा आहात’ म्हटलं की मधे एक दार उभं राहतं, मग सर्वनाम कुठलंही असो. घरातलं सकाळचं बोलणं नेमक्या गोष्टीपासून सुरू होतं. ‘झोप लागली का?’ ‘गुडघा काय म्हणतोय आज?’ ‘पाणी आलं का नळाला?’ यांत सर्वनाम नाही आणि तरी हेच आपलं ‘सुप्रभात’ आहे. निघतानाही ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते हं’ म्हणायचं, आणि आतून ‘ये’ असं उत्तर आलं की मग चपला घालायच्या. त्या ‘ये’मध्ये त्यांचा ‘तू’ आहे. तो ऐकायला थांबत जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्याला मान द्यायला ‘आपण’ नको म्हणाले, पण दुसरं जे ‘आपण’ आहे, ‘तुम्ही आणि मी मिळून’चं, ते मात्र तुम्ही आत्ताच्यापेक्षा पुष्कळ जास्त वापरायला हवं. प्रमाण हिंदीत ‘हम’ एकच आहे, मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणजे समोरच्याला सोडून आम्ही, ‘आपण’ म्हणजे समोरच्याला धरून. नव्या सुनेच्या तोंडी ‘आमच्याकडे’ आणि ‘तुमच्याकडे’ फार सहज येतं. ‘आमच्याकडे पोह्यांवर शेव घालतात’ यात काही चूक नाही, इंदूरचीच ती गोष्ट. पण ‘तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?’ असं सासूबाईंना विचारलंत, तर ‘आपण’ने जेवढं अंतर पडलं त्याहून जास्त अंतर या एका ‘तुमच्याकडे’ने पडतं.

हे मी स्वतःवरून सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी सासूबाईंना विचारलं होतं, ‘तुमच्याकडे तिळाच्या वड्या करतात की लाडू?’ त्या पाक ढवळत होत्या. त्यांनी उत्तर दिलं, ‘लाडू’, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. मला वाटलं पाकाकडे लक्ष आहे. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, त्यांना माझ्या देखत म्हणाल्या, ‘आपल्याकडे लाडू करतात हे आता हिलाही शिकवते.’ त्यांनी ‘आपल्याकडे’वर जोर दिला होता. मी त्या दिवशी तो शब्द उचलला. पहिल्यांदा म्हणताना खोटं बोलतेय असं वाटलं होतं, कारण घर अजून माझं झालं नव्हतं. पण वाक्य आधी आलं आणि घर मागून आलं. तुमच्या बाबतीतही तोच क्रम असणार, असं मला मनापासून वाटतं. माहेरच्या ‘आमच्याकडे’ला सोडायचं नाही. फक्त सासरच्या घराबद्दल बोलताना ‘तुमच्याकडे’ टाकून ‘आपल्याकडे’ घ्यायचं.

ऑफिसातल्या बाईंचा प्रश्न उलटा आहे, तिथे वरून ‘तू’ देऊ केला आहे. हा ‘तू’ मागून मिळत नाही, तो मोठ्या माणसाने द्यायचा असतो, आणि दिला की घ्यायचा असतो. दोन-तीनदा सांगूनही ‘तुम्ही’च म्हणत राहिलात तर त्यांना तुमचा आदर दिसणार नाही, तुम्हाला त्यांच्या जवळ यायचं नाही असं दिसेल. तोंडातून निघत नाही याचं कारण नुसतं नाव घेऊन ‘तू’ म्हणणं तुम्हाला उद्धट वाटतंय. मग नुसतं नाव घेऊ नका, पुढे ‘ताई’ लावा. ‘ताई’ हा शब्द ‘तू’साठीच घडवल्यासारखा आहे. थोरल्या बहिणीला मान ‘ताई’तून मिळतो, मग क्रियापद मोकळेपणाने ‘तू’चं येतं. ‘ताई, तू डबा आणलास का?’ एवढं एकदा म्हणून बघा, जीभ अडखळणार नाही. वीस वर्षांचं अंतर ‘ताई’ला जास्त वाटलं तरी ऑफिसात ते चालतं. ‘काकू’ म्हणाल तर मात्र पुन्हा ‘तुम्ही’ आलं, शिवाय ऑफिसात ‘काकू’ कुणालाच आवडत नाही.

पहिले चार दिवस जीभ वळेपर्यंत सर्वनामच लागणार नाही अशी वाक्यं वापरता येतील, मराठीत ती सोय चांगली आहे. ‘जेवायला जायचं का?’ ‘चहा घ्यायचा का?’ ‘मीटिंगला येणार ना?’ ‘कसं काय, बरं आहे ना?’ यांत तू-तुम्ही काहीच उघड होत नाही. मोठेमोठे लोक नव्या ओळखीत हेच करतात. समोरचा काय म्हणतो ते ऐकेपर्यंत ‘-णार’ आणि ‘-यचं’वर वेळ काढतात. पण हा मुक्काम चार दिवसांचाच. महिनोन् महिने कुणी असं बोललं की समोरच्याला कळतं, हा मला हाकच मारत नाही.

आणि एकदा ‘तू’वर आलात की मागे जाऊ नका. जिथे रोज ‘तू’ चालतो तिथे अचानक ‘तुम्ही’ आलं की त्याचा अर्थ रुसवा. नवरा-बायकोत हे तुम्ही ऐकलंच असेल, एरवीच्या ‘तू’च्या जागी ‘तुम्हाला वेळ कुठे आहे’ आलं की दुसऱ्याने हातातलं काम खाली ठेवायचं. फक्त बाहेरच्या लोकांसमोर, ग्राहकांच्या बैठकीत वगैरे, ताईंना ‘तुम्ही’ म्हटलंत तर चालतं. तिथे दोघींनाही कारण माहीत असतं.

आपण फार लवकर जवळ गेलो हे कसं ओळखायचं, याची एक खूण मला नेहमी खरी ठरलेली दिसली आहे. कुणीच ‘मला तू म्हणू नका’ असं सांगत नाही. तुम्ही ‘तू’ म्हणालात, आणि आधी तुम्हाला ‘तू’ म्हणणारं माणूस पुढच्याच वाक्यात तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणू लागलं, तर त्याने एक पाऊल मागे घेतलं आहे. तुम्हीही न बोलता एक पाऊल मागे या. फार लांब राहिलात याची खूण उलटी असते. तिथे माणसं सांगतात, जसं तुमच्या ताई सांगताहेत. सांगत नसतील तर तिसऱ्याकडे बोलतात, जसं सासूबाई बोलल्या.

वॉचमनबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. मोठ्या माणसाला त्याच्या कामावरून ‘तू’ म्हणायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ती सोडण्यासारखी आहे. तुम्ही ती हिंदीतून अजाणता आणलीत, तुमच्या नवऱ्याने थांबवलं ते योग्यच केलं. मराठीत ‘अरे-तुरे करणं’ हा शब्दप्रयोगच अपमानासाठी आहे, आणि भांडण कुठवर गेलं ते सांगताना ‘एकेरीवर आला’ म्हणतात. गेटवर, रिक्षात, भाजीच्या गाडीवर, घरी कामाला येणाऱ्या बाईंशी, सगळीकडे ‘तुम्ही’, आणि त्याआधी एक नातं. ‘काका, गेट उघडता का?’ ‘दादा, शनिपाराला येणार का?’ ‘मावशी, उद्या लवकर याल का?’ एवढ्या वाक्यांवर पुण्यातला सगळा दिवस निघतो. घरकामाच्या मावशी ओळख वाढली की तुम्हाला ‘तू’ म्हणू लागतील, तेव्हा बरं वाटू द्या. तुम्ही त्यांना ‘तू’ केव्हा म्हणायचं हे मात्र त्याच ठरवतील.

तुमची हाक बदलल्याचं सासूबाईंना समजावून सांगायला जाऊ नका, माफीही मागू नका. माफी मागायला लागलात की पुन्हा तोच सभेतला सूर येईल. एखाद्या रविवारी त्या भाजी निवडत असतील तेव्हा शेजारी बसा, चार शेंगा हातात घ्या आणि विचारा, ‘अहो आई, आपल्याकडे गौरी उभ्याच्या असतात की खड्यांच्या?’ त्या काय सांगतील ते लांबलचक असणार आहे. उठायची घाई करू नका, आणि मधेच त्यांनी मंडईचं नाव काढलं, तर या वेळी पिशवी तुम्ही घ्या.